एन्डोमेंट पॉलिसीचा खरा परतावा आणि तो एक कागद

आमच्या सोसायटीतले एक काका विमा एजंट आहेत. त्यांनी दिलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रोज १३७ रुपये वाचवा, १९ लाख मिळवा.' पॉलिसी एन्डोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र, २० वर्षांची, विमा रक्कम १० लाख, वर्षाचा हप्ता ५० हजार. माझं वय ३२. "अरे, दहा भरतोस, एकोणीस घेतोस. नव्वद टक्के फायदा!" काका म्हणाले. बोनस किती, विचारलं तर "हजारी पंचेचाळीस, म्हणजे साडेचार टक्के. शिवाय मुद्दल सुरक्षित."

हिशोब करायचा तर बेनिफिट इलस्ट्रेशन हवं, म्हणजे किती भरलं की किती मिळेल याचा तक्ता. हा तक्ता दाखवणं कंपनीला बंधनकारक आहे. पण तो हातात पडेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. काकांच्या मोबाइलमधून निघायचं ते रंगीत पत्रक, त्यावर एकच मोठा आकडा. शाखेत गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आधी प्रपोजल फॉर्म भरा, पहिला चेक द्या, मग तो कागद छापून येईल." म्हटलं, कागद बघूनच ठरवायचंय ना फॉर्म भरायचा की नाही! त्यांनी मला साहेबांकडे पाठवलं, साहेबांनी परत एजंटकडे. काकांचं पालुपद ठरलेलं, "विश्वास नाही का माझ्यावर?" त्या तक्त्यावर ग्राहकाची आणि एजंटची सही लागते, म्हणजे तो सहीआधी वाचायचाच असतो, एवढी साधी गोष्ट मी तिथे तीन टेबलांवर समजावत होतो. शेवटी शाखेला ईमेल टाकला, "सहीपूर्वी इलस्ट्रेशन मिळावं, नकार असल्यास लेखी कळवा." मग मात्र लगेच आलं.

तक्त्यात दोन रकाने होते, ४ टक्के आणि ८ टक्के. बहुतेकांची फसगत इथेच होते. ८ टक्के हा आपला परतावा नव्हे. कंपनीच्या गुंतवणुकीवर इतकं मिळालं असं धरलेला तो दर आहे, आणि त्यातून खर्च, कमिशन आणि विम्याची किंमत वजा होऊन आपल्या हाती काय येईल ते खाली लिहिलेलं असतं. ८च्या रकान्यात १९ लाख होते, ४च्या रकान्यात १२ लाख ८० हजार. काकांच्या चिठ्ठीवर अर्थातच पहिलाच आकडा. दोन्हींची हमी नाही, हे बारीक अक्षरात.

गूगल शीटमध्ये हे टाकलं:

```
=RATE(20,-50000,0,1900000,1)
```

उत्तर, म्हणजे खरा वार्षिक परतावा, आलं ५.८ टक्क्यांच्या जवळपास. १९ लाखांच्या जागी १२ लाख ८० हजार घातले की २.३. शेवटचा १ विसरू नका. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला जातो हे तो सांगतो; तो नसला तर परतावा आहे त्यापेक्षा जास्त दिसतो.

'हजारी पंचेचाळीस'चा घोळही तेव्हाच उलगडला. बोनस विमा रकमेवर मिळतो, म्हणजे वर्षाला ४५ हजार, आणि ५० हजारांच्या हप्त्यासमोर तो फारच भरघोस वाटतो. पण पहिल्या वर्षी जमा झालेले ४५ हजार विसाव्या वर्षीही ४५ हजारच. बोनसवर व्याज नाही.

दुसऱ्या बाजूला ५० लाखांचा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा, मला वर्षाला सुमारे ६ हजारांत मिळत होता. उरले ४४ हजार, म्हणजे महिन्याला साधारण ३,६६७. पोस्टाच्या आरडीला ६.७ टक्के धरले तर २० वर्षांनी १८ लाख ४४ हजारांच्या आसपास. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, पुढचा दर काय असेल ते तेव्हाच कळणार, म्हणून हाही अंदाजच.

आता प्रामाणिकपणे सांगतो, आरडी सरसकट जिंकत नाही. तिच्या व्याजावर कर लागतो, पॉलिसीची रक्कम अटी पाळल्या तर करमुक्त असते. २० टक्क्यांच्या पट्टीत असाल तर ते साडेअठरा लाख साडेपंधरावर घसरतात. माझा पगार नव्या करप्रणालीत १२ लाखांच्या आत, कर शून्य, म्हणून माझं गणित जमलं. शिवाय उद्या मला काही झालं तर बायकोला १० लाख आणि तोवरचा बोनस मिळण्याऐवजी ५० लाख मिळतील. ३२व्या वर्षी हा फरक मला मॅच्युरिटीच्या आकड्यापेक्षा मोठा वाटला. आणि मध्येच नोकरी गेली तर आरडी तीन वर्षांनंतर मोडता येते; व्याज बचत खात्याइतकंच मिळतं, पण मुद्दल बुडत नाही. पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत सोडली तर भरलेले पैसेही पूर्ण येत नाहीत. तक्त्यात सरेंडर व्हॅल्यूचा रकाना असतो, तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ओळ तेवढी बघा.

कुणी पॉलिसी आधीच घेतली असेल तर कागद हाती आल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक असतो. त्या मुदतीत परत केली तर मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची किंमत कापून बाकी पैसे मिळतात. काका हल्ली लिफ्टमध्ये भेटले की टर्मबद्दल एवढंच म्हणतात, "पैसे पाण्यात."