तुम्ही विचारलंत म्हणून: कात्रणावरच्या दोन तारखा

“कात्रणाचा फोटो फोनमधून गेला हो. मथळा, तारीख आणि महत्त्वाचे परिच्छेद टाइप करून पाठवते, तेवढ्यावर भाषांतर कराल ना?”

करते. पण आधी सांगा, तारीख कुठली पाठवणार आहात?

हे विचारलं की समोरचा माणूस वैतागतो. तारीख ती तारीख, त्यात कुठली काय? पण वर्तमानपत्राच्या एका बातमीला बहुतेक वेळा दोन तारखा असतात, आणि कात्रण कापताना त्यातली एक कात्रीखाली जाते. पानाच्या अगदी वर जी बारीक ओळ असते, दैनिकाचं नाव, आवृत्ती, वार, तारीख, पान क्रमांक, ती अंक निघाल्याची तारीख. बातमीच्या तोंडाशी गावाच्या नावापुढे काही दैनिकं ‘ता. २७’ असं छापतात, ती बातमी लिहिल्याची तारीख. ती साधारणपणे अंकाच्या आदल्या दिवसाची असते. बातमीतला ‘आज’ आणि ‘काल’ या दुसऱ्या तारखेला बांधलेला असतो. जी दैनिकं तिथे फक्त ‘प्रतिनिधी, मुंबई’ छापतात, ती शक्यतो ‘आज’ लिहीत नाहीत, ‘मंगळवारी’ लिहितात. तिथे वार हरवला की सगळंच हरवलं.

पूर्वी हे मी विचारत नव्हते. “मथळा, तारीख आणि पहिले दोन परिच्छेद पाठवा, पुरे,” असंच सांगायचे. लोकांचे टाइप करण्याचे कष्ट वाचावेत म्हणून सांगायचे, असं मी स्वतःला समजावत आले. माझंही वाचन वाचायचं, हे तेवढंच खरं.

मग २६ जुलैचं कात्रण आलं. २००५ चं, पावसाचं. उपनगरातल्या एका सोसायटीच्या स्मरणिकेत त्याचा इंग्रजी अनुवाद छापायचा होता. फोटो जुन्या फोनबरोबर गेलेला, कात्रण कोल्हापूरला भावाकडे. भावाने फोनवर वाचलं, बहिणीने इथे टाइप केलं आणि मला पाठवलं. मथळ्यात मुंबईतल्या विक्रमी पावसाचा उल्लेख. तारीख, २८ जुलै. खाली एक परिच्छेद: आज सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत शहरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, वगैरे.

मी त्याचं इंग्रजी केलं: २८ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस. वाक्य सुबक होतं. स्मरणिका छापली गेली. त्या रात्री पाण्यातून चालत घरी पोचलेल्या एका आजोबांनी ती वाचली आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना एवढंच विचारलं, “आम्ही मंगळवारी बुडालो होतो. हा गुरुवार कुठून आणलात?”

कात्रण नंतर कोल्हापूरहून टपालाने आलं, तेव्हा सगळं उलगडलं. कोणीही काहीही खोटं लिहिलेलं नव्हतं. समासात वडिलांनी पेनाने २८ जुलै लिहिलं होतं, अंकाची तारीख, अगदी बरोबर. बातमीच्या तोंडाशी ‘ता. २७’ छापलं होतं, तेही बरोबर. भावाने फोनवर पेनाची तारीख वाचली, कारण ती मोठी दिसत होती. छापलेली ‘ता. २७’ त्याला बातमीचा भागच वाटली नाही. त्यामुळे बातमीतला ‘आज’ २७ वरून सरकून २८ वर जाऊन बसला. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. म्हणजे २७ च्या सकाळी संपलेले चोवीस तास, ज्यात मंगळवार २६ ची दुपार आणि रात्र येते. माझ्या इंग्रजीत तोच पाऊस बुधवार-गुरुवारी पडला.

दुसरी चूक मला जास्त लागली. बातमीचा दुसरा परिच्छेद बहिणीने टाइपच केला नव्हता, “त्यात नुसती आकडेवारी होती” म्हणून. त्या आकडेवारीत लिहिलं होतं की ९४४ ही नोंद सांताक्रूझची आहे आणि कुलाब्याला त्याच चोवीस तासांत शंभर मिलिमीटरही पाऊस नव्हता. एकाच शहरातल्या दोन केंद्रांमधली ही तफावत त्या दिवसाबद्दलची सगळ्यात चक्रावणारी गोष्ट आहे, आणि आमच्या अनुवादात ती नव्हती. ‘शहरात ९४४’ हे पहिल्या परिच्छेदातलं सैल वाक्य होतं. ते आवळणारं वाक्य खाली होतं.

तुम्ही म्हणाल, २६ जुलै आणि ९४४ मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, तुम्हाला कळलं कसं नाही? हा प्रश्न मीच मला इतक्या वेळा विचारला आहे की त्याची उत्तरं दोन तयार झाली आहेत. एक, मूळ मजकुराची तारीख मी माझ्या मनाने बदलत नाही. भाषांतर करणाऱ्याने बदलू नये. आणि दोन, मी लक्षच दिलं नाही. पहिलं उत्तर मी लोकांना देते.

म्हणून आता मी काय मागते ते ऐका. कागद हाताशी असेल तर पुन्हा फोटो काढा, विषय संपला. कागद दुसऱ्याच्या हातात असेल आणि वाचून घ्यावा लागत असेल, तर सगळ्यात आधी तारखांच्या तीन ओळी: पानावर छापलेली तारीख वारासकट, बातमीच्या तोंडाशी छापलेली तारीख, आणि हाताने लिहिलेली असेल तर ती, ‘हाताने’ असं नोंदवून. यातली जी नाही तिथे ‘नाही’ लिहायचं, जागा रिकामी सोडायची नाही. वार मागते तो पडताळ्यासाठी. २८ जुलै २००५ ला गुरुवार होता. कोणी ‘२८ जुलै, बुधवार’ पाठवलं की दोन्हीपैकी एक चुकलंय हे तिथेच कळतं. पानाची वरची ओळ कापली गेली असेल तर कात्रण उलटं करून पाहा. मागच्या अर्ध्या जाहिरातीत किंवा नाटकाच्या प्रयोगाच्या चौकटीत वार-तारीख सापडते.

मथळा टाइप करताना चिन्हं सोडायची नाहीत. ‘पाणीकपात नाही : आयुक्त’ यातला विसर्गासारखा दिसणारा तो अपूर्णविराम म्हणजे ‘असं आयुक्त म्हणतात’. तो गाळला की दैनिकच पाणीकपात नाही म्हणतंय असं होतं. एकेरी अवतरणचिन्हांचंही तसंच. मथळ्याच्या वर किंवा खाली बारीक टाइपातली ओळ असेल तर तीही हवी. पुष्कळदा मथळ्याने केलेला अतिरेक ती ओळ निस्तरत असते.

आता ‘महत्त्वाचे परिच्छेद’. लोक आपल्या माणसाचं नाव ज्यात आहे तो परिच्छेद पाठवतात. साहजिक आहे. पण सारांश करायचा तर मला पहिला परिच्छेद हवा, माहिती कोणी दिली ते सांगणारा हवा, ज्यात आकडे आहेत तो हवा आणि शेवटचा हवा, कारण समोरच्या बाजूचं म्हणणं बहुधा तिथे ढकललेलं असतं. ‘असल्याचे समजते’, ‘असा आरोप’, ‘असा दावा’ ही शेपटं टाइप करताना हमखास तुटतात, वाक्य लांब होतं म्हणून. शेपूट तुटलं की आरोपाची घटना होते, आणि इंग्रजीत ती आणखी ठाम दिसते. एकूण परिच्छेद किती आणि त्यातले कितवे पाठवलेत हे वर लिहा: ‘एकूण ७, पैकी १, २, ४, ७.’ म्हणजे दुसऱ्यावरून चौथ्यावर उडी मारताना मी मध्ये पूल बांधणार नाही. न कळलेल्या शब्दाच्या जागी चौकोनी कंसात प्रश्नचिन्ह ठेवा. अंदाजाने शब्द भरलात तर तो मला अंदाज म्हणून दिसत नाही, छापलेला म्हणूनच दिसतो.

फोनवर आकडे एकेक अंक करून वाचून घ्या: नऊ, चार, चार. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर फोनवर एकच ऐकू येतात. झेरॉक्सवरून टाइप करत असाल तर मराठी चार हा इंग्रजी आठासारखा दिसतो आणि मराठी एक इंग्रजी नवासारखा. इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा टाइप करायला बसला की नेमकं तिथे घसरतो. आणि लाख-कोटी आहे तसंच ठेवा, मिलियन माझ्यावर सोडा.

एक बारीक गोष्ट, जिच्यावरून माझी चेष्टा होते: ऱ्य. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर साध्या र च्याच कळीवर शिफ्ट दाबून ऱ येतो, तो वापरायचा, मग हलन्त आणि य. डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर “युनिकोडमध्ये द्या” हे आधी सांगा. जुन्या फॉन्टात केलेलं मराठी माझ्याकडे उघडलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो, आणि कात्रण पुन्हा वाचून घ्यायला पुन्हा कोल्हापूरला फोन.

एवढं सगळं करण्यापेक्षा मूळ अंकच शोधावा, असं मला कोणी ना कोणी सुनावतं. शोधा ना. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात एशियाटिक आहे, अलीकडची बातमी असेल तर दैनिकाचा ई-पेपर आहे. पण तिथेही तारीखच विचारतात, शिवाय कुठली आवृत्ती ते. मुंबईच्या अंकात नसलेली बातमी ठाण्याच्या अंकात असू शकते. ‘ता. २७’ ला अंकाची तारीख समजून २७ चा अंक चाळत बसलात तर बातमी मिळणार नाही, आणि ती छापलीच नव्हती असं तुम्ही घरी येऊन सांगाल.

राहतात ती माणसं, ज्यांच्याकडे कागदही उरलेला नाही. फोटो गेला, कात्रण रद्दीत गेलं, मजकूर डोक्यात. त्यांनी पाठवलेल्याच्या वर मी ‘आठवणीतून’ असं लिहिते आणि फक्त सारांश करते. ज्याचं मूळ नाही त्याचं भाषांतर कसलं करायचं? हा नियम मी ठामपणे सांगते. गेल्या महिन्यात एका काकूंनी वीस वर्षांपूर्वीचा मथळा मला घडाघडा म्हणून दाखवला, मधल्या अपूर्णविरामाशी थांबून. तो मी अवतरणचिन्हांत घातला. नंतर चिन्हं काढली. पाठवताना परत घातली होती.