साखळी कुठे तुटते ते बघा

"ताई, डेटिंग अॅपवर महिनोन्‌महिने कुणाचं काही येतच नाही. माझ्यातच खोट आहे का? नेमकं काय बदलू?"

मीही अॅपवर आहे, त्यामुळे मला पलीकडची बाजू रोज दिसते. आपल्याकडे या अॅप्सवर मुलगे जास्त, मुली कमी. साहजिकच मुलीकडे लाइकचा ढीग साचतो. ऑफिसातून घरी येताना लोकलमध्ये त्यातले थोडेसे बघितले जातात, बाकीचे तसेच राहतात. तुम्ही ज्याला नकार म्हणता, त्यातलं बरंचसं कुणी पाहिलेलंच नसतं. न पाहिलेल्या माणसाला कुणी नाकारणार तरी कसं?

म्हणून आधी साखळी कुठे तुटते ते बघा. मॅचच होत नसेल तर घोळ बहुतेक फोटोंत असतो. मॅच होऊन उत्तर येत नसेल तर पहिला मेसेज तपासा. गप्पा रंगून विरत असतील, तर भेटायचा विषय काढायला उशीर होतोय.

माझ्या पुण्यातल्या मामेभावाचं पहिल्याच पायरीवर अडलं होतं. त्याचा पहिला फोटो ट्रेकचा, सहा जण, सगळे गॉगल लावून. त्यातला हा कोणता, हे मलाही क्षणभर कळेना. दुसरा बुलेटचा, तिसरा लिफ्टच्या आरशातला. आम्ही पहिला फोटो तेवढा बदलला. सकाळच्या उजेडात, गॅलरीत, चेहरा नीट दिसेल असा, बहिणीने काढलेला. बाकी कशाला हात लावला नाही, कारण सगळं एकदम बदललं की कशाने फरक पडला ते कळत नाही. दोन-तीन आठवड्यांत अधूनमधून मॅच यायला लागल्या. धो-धो नाही, पण यायला लागल्या.

मग पुढचं कोडं: त्याच्या 'हाय'ला उत्तर येईना. एका मुलीचा राजगडावरचा फोटो होता. त्याला म्हटलं, 'हाय' सोड, हे विचार: "सुवेळा माचीच्या नेढ्यापर्यंत गेलीस, की उन्हाला कंटाळून परत फिरलीस?" तिने तासाभरात भलंमोठं उत्तर पाठवलं. प्रत्येक वेळी असं होत नाही. पण ज्याला उत्तर देणं सोपं असतं त्याला ते मिळण्याची शक्यता जास्त, एवढं खरं.

भेटून झाल्यावर समोरची नाही म्हणाली, तर तो मात्र खरा नकार. त्याचं वाईट वाटणारच, वाटू द्या. कारण विचारत बसू नका आणि इन्स्टावर शोधून पुन्हा मेसेज तर अजिबात नको. आम्हा मुलींना त्याची भीती वाटते. आणि रात्री उशिरा, मूड गेलेला असताना अॅप उघडू नका. त्या वेळी माणूस कुणालाही लाइक करत सुटतो आणि दुसऱ्या दिवशी कुणाचंच उत्तर नाही म्हणून कुढत बसतो. मामेभाऊ आता संध्याकाळी वीस मिनिटं बघतो आणि बॅडमिंटनला जातो. तिथे त्याची एकीशी ओळख झाली आहे म्हणे. पुढचं तो सांगत नाही.