मोहरी आणि कोल्हापुरी

परवा दुपारी बँकेत रांगेत उभी होते. सर्व्हर डाऊन, पंखा नावापुरता, मोबाईलची बॅटरी लाल झालेली, मग माणूस करणार काय, खाली बघणार. खाली काय तर पाय. माझ्या पुढे दोघी होत्या, दोघींच्याही अंगात कुर्ता, खाली पॅन्ट, पायात कोल्हापुरी. कागदावर लिहून काढलं तर सेम टू सेम. पण एकीकडे बघून वाटत होतं की हिने हे ठरवून घातलंय, आणि दुसरीकडे बघून वाटत होतं की दाराशी जी चप्पल दिसली तिच्यात पाय सरकवला आणि निघाली दूध आणायला. दुसरीची चप्पल उलट जास्त महाग दिसत होती, वेणी काय, जरीचा गोंडा काय.

रांग हलत नव्हती त्यामुळे मला नीट अभ्यास करता आला.

पहिलीचा कुर्ता निळा, इंडिगोचा, पोटरीच्या मध्यापर्यंत. खाली पांढरट कॉटनची सरळ पॅन्ट, आणि तिची मोहरी घोट्याच्या हाडाच्या वर, चांगली दोन बोटं वर. मग थोडा उघडा घोटा, आणि मग चप्पल, पूर्ण. म्हणजे अंगठा, पट्टा, दोन्ही बाजूचे कान, सगळं दिसत होतं. दुसरीची पॅन्ट चांगली तीन-चार बोटं लांब होती, ती घोट्याशी गोळा होऊन पायावर बसली होती आणि कान तिच्याखाली गेले होते, पट्टाही अर्धा झाकलेला. मग दिसत काय होतं, तर पुढे आलेली बोटं, चामड्याचा अंगठा आणि तो गोंडा. एवढी देखणी चप्पल, आणि तिचा फक्त शेंडा बाहेर! कोल्हापुरीचं सगळं वजन पुढच्या अर्ध्या भागात असतं, मागे टाच मोकळी. तो पुढचा भागच कापडाने खाल्ला की उरतो तो फक्त सपाट तळ.

माझं आपलं मत असं की कोल्हापुरीला तिच्या आधी संपणारं कापड लागतं. आणि हे मला कुठल्या फॅशनच्या रीलने नाही, आजोबांच्या धोतराने शिकवलंय.

आजोबा संध्याकाळी चावडीकडे निघायचे तेव्हा आम्ही पोरं ओसरीवर अभ्यासाचं सोंग करत बसलेलो असायचो. आधी करकर ऐकू यायची. मग दिसायचं धोतर, पांढरं स्वच्छ, नीळ जरा जास्तच झालेली, घोट्याच्या वर चापून नेसलेलं, आणि खाली त्या कापशीच्या जाड वहाणा, तेल पिऊन पिऊन काळपट तांबूस झालेल्या. धोतर आणि वहाण यांच्यामध्ये एक पट्टा उघड्या पायाचा, उन्हाने रापलेला. आजोबांनी आयुष्यात मॅचिंग हा शब्द उच्चारला नसेल पण त्यांचं कधी चुकलेलं मी पाहिलं नाही. चुकायला जागाच नव्हती म्हणा, धोतर खाली ओघळलं तर आधी वहाणेत अडकणार आणि मग आजोबा पडणार. आजी मागून ओरडायची, "अहो, करकर जरा कमी करा, पोरं अभ्यास करतायत." वहाणांची करकर कमी कशी करायची हे तिने कधी सांगितलं नाही.

तर मुद्दा पॅन्टचा. आपण पॅन्ट शिवायला किंवा लांबी कमी करायला टाकतो तेव्हा टेलरकडे काय घालून जातो? जे पायात असेल ते. थोडी हील असलेली सँडल असेल तर टेलर त्याप्रमाणे खूण करतो, आणि कोल्हापुरीचा तळ तर जवळजवळ जमिनीलाच टेकलेला, टाचेखाली चामड्याचे दोन थर असले तर असले. हीलवर बरोबर वाटणारी लांबी हिच्यावर लगेच जास्त होते. सरळ पॅन्टचं त्यातल्या त्यात बरं, ती नुसती गोळा होते. पलाझो किंवा रुंद मोहरीच्या ट्राउझरचं वेगळंच, तिची मागची कड चालताना टाच आणि तळ यांच्या मध्ये जाते, कारण मागे धरून ठेवायला पट्टाच नाही. प्रत्येक पावलाला टाच उचलली जाते, कापड आत सरकतं, टाच त्यावर बसते. जुन्या पलाझोची मागची कड उलटून बघा, तिथेच विरलेली आणि मळलेली असते, पुढची कड मात्र जशीच्या तशी. तशी दिसली की समजायचं, लांबी चुकली.

म्हणून मी टेलरकडे कोल्हापुरी घालूनच जाते आणि तीही रोजच्या वापरातली. सरळ पॅन्ट घोट्याच्या हाडावर किंवा थोडी वर. रुंद असेल तर दोनच पर्याय मला पटतात, एक तर सरळ घोट्याच्या बऱ्यापैकी वर, नाहीतर मग खाली जमिनीपासून अर्धा इंच सोडून, म्हणजे चप्पल जवळजवळ झाकलीच जाते, आणि मग कोल्हापुरीचा हट्ट कशाला, साधी पातळ पट्ट्याची सँडल घाला, मागे पट्टा असलेली, कापड आत जाणार नाही. मधली लांबी, म्हणजे अर्धी चप्पल झाकणारी, ती मात्र कोणालाच शोभत नाही. टेलरकाका दर वेळी म्हणतात, "ताई, धुतल्यावर आखडेल, एक इंच जास्त ठेवतो." मी म्हणते आधी धुऊनच आणलंय. तरी ते अर्धा इंच ठेवतातच.

स्कर्टचं गणित याहून अवघड आहे. घोट्यापर्यंतचा घेरदार कॉटनचा स्कर्ट आणि कोल्हापुरी, यात विचार करायचं कारणच नाही, कापडाला वजन आहे, चपलेला वजन आहे, जमतं. अडचण पोटरीपर्यंतच्या स्कर्टची. त्याची कड जर पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर आली, आणि खाली रुंद पट्ट्याची कोल्हापुरी, तर पायावर दोन आडव्या रेघा पडतात आणि मधला पाय आखूड दिसतो. कड दोन बोटं खाली घ्या, जिथे पोटरी निमुळती होते तिथे, तोच स्कर्ट, तीच चप्पल, आणि एकदम बरं दिसतं. घोट्याभोवती पट्टा बांधायच्या सँडल याच कारणासाठी मला आखूड पॅन्टबरोबर आवडत नाहीत. मोहरी एक रेघ, पट्टा दुसरी, आणि दोघींमध्ये इंचभर कातडी, उगाचच! त्या सँडल गुडघ्यापर्यंतच्या स्कर्टखाली चांगल्या, तिथे रेघ एकटी असते.

आणि शिफॉनचा प्लीट्सवाला झुळझुळीत स्कर्ट असेल तर कोल्हापुरी घरी ठेवा. वर वारा आणि खाली दगड.

रंगाबद्दल लोक फार काळजी करतात, मला वाटतं तेवढी नको. अस्सल कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल, हिरडा असल्या गोष्टींनी कमावलेलं असतं, ते नवीन असताना फिकट, पिवळसर असतं, आणि मग तेल, ऊन, घाम याने गडद होत जातं. नवी कोरी जोडी पांढऱ्या पॅन्टखाली कच्ची दिसते ती म्हणून. काही आठवडे घरात घाला, खोबरेल तेलाचं बोट फिरवा (बोट म्हणजे बोट, वाटी नाही, जास्त झालं की पांढऱ्या मोहरीला डाग), मग ती काळ्यावर, निळ्यावर, खाकीवर कशावरही चालते. फक्त अंगावर वर कुठेतरी तोच चामड्याचा सूर अजून एकदा यावा, पर्स, घड्याळाचा पट्टा, काहीही. शेड तीच हवी असं नाही. बँकेतल्या पहिलीच्या खांद्यावर तपकिरी झोळा होता, बहुतेक तिला स्वतःलाही माहीत नसेल त्याने काय काम केलंय ते. आणि साईज. टाच तळाच्या बाहेर लोंबत असेल तर वरचं सगळं वाया, चप्पल मागून आणल्यासारखी दिसते. टाचेमागे चामड्याची बारीक कड दिसली पाहिजे. रुंदीला मात्र घट्टच घ्या, पट्टा सैल होतोच.

जरीच्या गोंड्याबद्दल मी बोलणार नाही. लग्नात ठीक आहे.

2025 च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या सँडल दाखवल्या तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर तेच. 2019 ला कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे, तरी यांनी नाव घेतलं नाही वगैरे, आणि राग बरोबरच होता, नंतर कंपनीनेही मान्य केलं की प्रेरणा इथल्या हाताने बनवलेल्या चपलांची आहे. आमचे एक काका लिहीत होते, आपली परंपरा, आपले कारागीर, आपला अभिमान. खाली हात जोडलेले इमोजी, एकामागून एक.

मग आत्याने मधेच एक व्हॉइस नोट टाकली. तिला टाईप करायचा कंटाळा. ती म्हणाली, दादांच्या, म्हणजे आमच्या आजोबांच्या, वहाणांचं माप घ्यायला माणूस घरी यायचा, कागदावर पाय ठेवायला लावून पेन्सिलीने बाह्यरेषा काढायचा, फार देखणं काम. पण तो अंगणातच बसायचा, ओसरीची पायरी चढलेला मी त्याला कधी पाहिला नाही, आणि त्याचा कप वेगळा होता, गोठ्याच्या भिंतीत खोबणीत ठेवलेला. पैसे आई वरून त्याच्या हातात टाकायची. कोणाला त्याचं नाव आठवतंय का, असं तिने विचारलं.

काकांनी ती नोट ऐकलेली दिसत होती, निळ्या खुणा आल्या होत्या. मग कोणीतरी गुड नाईटचा फोटो टाकला.