पारड्यातला मोती

कच्चे मसुदे तपासायचा दिवस होता. कलेच्या इतिहासाच्या वर्गाला दृश्य विश्लेषणासाठी मी एकच चित्र दिलं होतं: डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं 'तराजू धरलेली स्त्री'. साधारण 1664 मधलं, जेमतेम 40 सेंटिमीटर उंच, आता वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये असलेलं. चित्रात एक तरुण स्त्री टेबलाशी उभी आहे, उजव्या हातात छोटा तराजू आहे, टेबलावर मोत्यांच्या माळा आणि सोनं पसरलंय. समोरच्या भिंतीवर आरसा, पाठीमागे अंतिम निवाड्याचं, म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्त सगळ्यांचा न्याय करतो त्या प्रसंगाचं, मोठं चित्र.

एका विद्यार्थिनीचा मसुदा असा सुरू होत होता: 'एक श्रीमंत स्त्री मोती तोलत आहे. मागे अंतिम निवाड्याचे चित्र आहे, त्यामुळे ऐहिक संपत्ती व्यर्थ असल्याचे व्हर्मीरला सांगायचे आहे.' पुढची दोन पानं सतराव्या शतकातल्या डच समाजाबद्दल होती. व्यापार, पैसा, धर्म. वाचन भरपूर केलं होतं हे उघड दिसत होतं. पण पहिल्या ओळीनंतर चित्र जे गेलं, ते परत आलंच नाही.

मी तिला बोलावून घेतलं आणि गॅलरीच्या संकेतस्थळावरची मोठी प्रतिमा स्क्रीनवर उघडली. "पारड्यात मोती कुठे आहे ते दाखव."

"हा काय मॅडम," तिनं डाव्या पारड्यातल्या पांढुरक्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"आता टेबलावरचा कुठलाही एक मोती बघ आणि मला दोन्हींचं वर्णन कर. अर्थ सांगू नकोस, फक्त रंग कसा लावलाय ते सांग."

तिला वेळ लागला, आणि तो लागायलाच हवा होता. टेबलावरच्या मोत्याला व्हर्मीरनं दोन थर दिलेत. खाली मऊ, करडं, कडा विरघळलेलं अंग, आणि त्यावर पांढऱ्याचा एक ठळक ठिपका. पारड्यात करडं अंग नाही. एकाच थरातला ठिपका आहे. "मॅडम, ही नुसती चमक आहे," ती म्हणाली. मग सोनं असेल का, असं तिनंच विचारलं आणि टेबलावरच्या सोन्याकडे वळली. तिथे स्पष्ट पिवळा आहे, पारड्यातली चमक मात्र सायीच्या रंगाची. म्हणजे पारडी रिकामी आहेत आणि त्यांच्या धातूवर फक्त उजेड पडलाय.

मग मी तिला सांगितलं की गॅलरीतल्या अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाच निष्कर्ष काढलाय. 1696 मध्ये ॲमस्टरडॅमच्या लिलावाच्या यादीत या चित्राची नोंद मात्र सोनं तोलणारी तरुणी अशी आहे आणि ते 155 गिल्डरला विकलं गेलं. पुढे कुणी सोनं म्हटलं, कुणी मोती म्हटलं. लिलावाची यादी अस्सल आहे, जुनी आहे, चित्रकाराच्या मृत्यूनंतर अवघ्या वीसेक वर्षांतली आहे, पण पारड्यात काय आहे या प्रश्नावर तिचं वजन रंगाच्या थरापेक्षा कमीच. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते: कागदोपत्री पुरावासुद्धा कॅनव्हाससमोर उभा करून तपासावा लागतो.

ती हिरमुसली. आता सगळंच खोडावं लागणार, असं तिला वाटलं. मी म्हटलं, "सध्या 'तोलत आहे' एवढंच खोड. रिकामा तराजू धरून ती काय करतेय, ते रचनेला विचारू."

आम्ही चित्राची छापील प्रत घेतली आणि पट्टी लावून मागे सरकत जाणाऱ्या कडा वाढवल्या. आरशाची चौकट, टेबलाची कड. रेषा तिच्या तराजू धरलेल्या बोटांजवळ येऊन मिळतात. म्हणजे यथार्थदर्शनाचा बिंदू चेहऱ्यावर नाही आणि दागिन्यांवरही नाही. तराजूची दांडी आडवी, स्थिर आहे आणि करंगळी तिला जवळजवळ समांतर आहे. तिची नजरही तिथेच आहे. समोर आरसा असून ती त्यात बघत नाही.

पण दिवसभरातला सगळ्यात चांगला पुरावा तिनं स्वतः शोधला. भिंतीवरच्या चित्राच्या चौकटीची खालची कड ती पट्टीनं मोजत होती आणि अचानक थांबली. "मॅडम, ही कड दोन्हीकडे सारखी नाहीये." खरंच नाही. स्त्रीच्या पाठीमागे ती जितकी खाली आहे, त्यापेक्षा समोरच्या बाजूला वर आहे. खऱ्या भिंतीवर अशी चौकट टांगता येणार नाही. व्हर्मीरनं ती उचलली कारण तराजूला मोकळी भिंत हवी होती. चित्रकाराचा हेतू काय होता हे आपण एरवी ठामपणे लिहू शकत नाही. पण खोलीचं वास्तव मोडून केलेला असा बदल सापडला, की निदान इतकं म्हणता येतं: तराजू नीट दिसणं त्याला आवश्यक वाटलं.

आता संदर्भ आणायची वेळ झाली होती. अंतिम निवाड्याच्या चित्रांत ख्रिस्त वर आणि खाली मध्यभागी आत्मे तोलणारा देवदूत मायकेल, अशी रचना परंपरेनं आढळते. इथे ख्रिस्त तिच्या डोक्याच्या बरोब्बर वर हात उंचावून आहे, आणि मायकेलची जागा तिच्या शरीरानं झाकली आहे. तिनं लगेच लिहिलं, 'ती मायकेलला झाकते.' मी थांबवलं. तिच्यामागे मायकेल रंगवला होता की नाही, हे आपल्याला दिसत नाही. 'जिथे मायकेल असणं अपेक्षित असतं तिथे ती उभी आहे' एवढं लिहिता येतं, आणि तेवढं पुरेसंही आहे. दुसरा डच चित्रकार पीटर दे होख याचं जवळपास त्याच काळातलं, बर्लिनमधलं चित्र तिला तुलनेला दिलं: तिथली स्त्री खरोखर नाणी तोलते आणि मागे भिंतभर सोनेरी नक्षीचं कातडं आहे. विषय तोच, पण व्हर्मीरनं नाणं काढून टाकलं आणि भिंतीवर निवाडा आणला. हा फरक मांडला की 'व्यर्थता' हा शब्द फार तोकडा पडतो. स्वतःला तोलून पाहण्याचा, समतोलाचा अर्थ जास्त टिकतो.

तिनं गरोदरपणाचा मुद्दाही लिहिला होता. पोटाचा घेर दिसतो, हे खरं. पण त्या काळची आखूड जाकिटं आणि फुगीर घागरे असा घेर देतात, म्हणून अभ्यासकांत यावर एकमत नाही. तो परिच्छेद वगळायला मी सांगितलं नाही. 'गरोदर आहे'च्या जागी कपड्यांचं वर्णन आणि दोन्ही वाचनं लिहायला लावली.

संध्याकाळी दुसरा मसुदा आला. पहिलं वाक्य: 'स्त्रीच्या हातातील तराजूची पारडी रिकामी आहेत.' पुढे ठिपक्याचे थर, मग बोटांजवळचा बिंदू, मग चौकटीची कड, आणि त्यानंतर कुठे अंतिम निवाडा. डच समाजाची दोन पानं पाच ओळींत आली होती. एका ठिकाणी 'तिचा चेहरा शांत आहे' असं होतं. मी समासात लिहिलं, 'कशावरून?' आणि परत पाठवलं. तासाभरात उत्तर आलं: 'पापण्या खाली, ओठ सैल, आणि दांडी कुठल्याच बाजूला झुकलेली नाही. तिसरं कारण चालेल का मॅडम? ते चेहऱ्यावर नाही.' मी लिहिलं, चालेल, पण मग वाक्याचा कर्ता चेहरा ठेवू नकोस.