येतो

शनिवार, रात्री अकरा

सकाळी क्लासला निघताना पोर आईंना म्हणालं, "आजी, येतो गं." आईंनी मेथी निवडता निवडता "ये, छत्री ने" म्हटलं, संपलं. इकडे माझं दूध उतू गेलं.

चार महिने हे पोर माझ्याशी 'निघायचंय', 'जेवण झालं', 'कंटाळा आलाय' एवढंच बोलतंय. आधी वाटलं, चौदावं वरीस, तुटकच बोलणार. मग कान देऊन ऐकलं. 'मी वाचलं' चालतं, 'मी गेले' कधीच नाही. जिथे जाते की जातो ठरवावं लागेल, ते वाक्यच फिरवून टाकायचं. दिवसभर असं बोलून किती दमत असेल ते.

नौपाड्यातल्या समुपदेशक मॅडमना ह्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पोर स्वतःला मुलगी मानत नाही, यासाठी काही टेस्ट असते का. रक्त तपासून कळावं असं हे नाही, त्या म्हणाल्या. आजारही नाही, जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ मध्ये हे मानसिक आजारांतून काढलंय. "बरं करून देतो" म्हणणारा डॉक्टर भेटला तर उठून या, मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच ते गैरवर्तन ठरवलंय. झोप, जेवण, शाळा यांवर नजर ठेवा. स्वतःला इजा करायची भाषा निघाली तर त्याच दिवशी फोन. बाकी घाई नाही, आज काही ठरवायचं नाहीये. 'नक्की का?' विचारू नका. हाक कशी मारू, कुणाला सांगितलेलं चालेल, एवढंच विचारा.

मी मान डोलावली, आणि त्याच आठवड्यात तीनदा विचारलं, "नक्की ना रे... गं?"

मग 'येतो' आजीच्याच वाट्याला जाणार. रात्र रात्र जागते मी, फाईल घेऊन मॅडमकडे जाते मी, आणि पहिला शब्द आईंना. ह्यांना तर काही ऐकूच आलं नाही. ते एक असो.

दुपारी राहवलं नाही. "आई, सकाळी 'येतो' म्हणालं, ऐकलंत?"

"त्यात काय? आमच्या कोल्हापुराकडं बायका येतोच म्हणतात. मी न्हाय का म्हणत, देवळात जाऊन येतो?"

म्हणतात की! लग्न होऊन अठरा वर्षं ऐकतेय. म्हणजे अख्ख्या घरात जिथे 'येतो'ला कुणी दचकणार नाही, ती एक जागा पोराने बरोबर हेरली. की आजीची नुसती नक्कल होती? आईंना काही उमगलंय का, हेही कळेना. खोदून विचारायचं तर सगळं सांगावं लागेल, आणि "आजीला अजून नको" असं मला बजावलेलं आहे. गप्प बसले.

संध्याकाळी बेल वाजली. 'आलीस?' ओठांवर आलेलं गिळलं. "आलं का पोर?"

"हो. भूक लागलीय."

पुन्हा तेच, मधलं. पोहे टाकले. आतून आईंचा आवाज, "मीबी खातो गं थोडं."

पोर बशीत बघून खुदकन हसलं. मीही हसले, गॅसकडे तोंड करून.