चूक माझीच असेल, पण…

फ्रेंच माणूस ऑफिसच्या मेलमध्ये ‘सोफ एरर द मा पार’ असं लिहितो, तेव्हा बहुतेक वेळा त्याची काहीही चूक झालेली नसते. शब्दांकडे पाहिलं तर अर्थ होतो, ‘माझ्याकडून काही चूक होत नसेल तर’. पण खरं पाहायचं ते पुढचं वाक्य: ‘मार्च महिन्याची फाइल मला अजून मिळालेली नाही.’ हे लिहिण्याआधी त्याने इनबॉक्स धुंडाळलेला असतो, स्पॅममध्ये डोकावलेलं असतं, शेजारच्या टेबलावर विचारून झालेलं असतं. फाइल आलेली नाही याची खात्री पटल्यावरच ही ओळ टाइप होते. थोडक्यात निरोप एवढाच, की फाइल पाठवायची राहिली आहे, ती पाठवा.

पुण्यात बसून फ्रेंच कंपन्यांचं काम करणारी बरीच मंडळी आहेत. त्यांच्यातल्या नवख्यांची इथे हमखास गफलत होते. ‘तोच म्हणतोय ना त्याची चूक असेल म्हणून, मग शोधेल आणि कळवेल’ असं धरून ती स्वस्थ बसतात. दोन दिवसांनी दुसरा मेल येतो. त्यात ती नम्र सुरुवात नसते आणि सीसीमध्ये साहेब असतात.

मराठी माणसाला हा प्रकार परका वाटायचं खरं तर कारण नाही. आपल्याकडे हिशेबाच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहायची पद्धत आहे, आणि छापील बिलाच्या कोपऱ्यात बारीक टायपात ‘ई. अँड ओ. ई.’ असतंच. फ्रेंच बिलावर त्याच जागी ‘सोफ एरर उ ओमिस्यों’ दिसतं, म्हणजे चूक किंवा राहून गेलेलं काही वगळता. गोत्र एकच. फरक आहे तो दिशेचा. आपली चूकभूल दोन्ही बाजूंनी द्यायची-घ्यायची असते. रोजच्या फ्रेंच मेलमधली चूक मात्र लिहिणारा सगळीच्या सगळी स्वतःच्या पदरात घेतो, ‘द मा पार’, माझ्याकडून. समोरच्याकडे बोट न दाखवता त्याला उत्तर द्यायला लावायचं, हे त्यातलं इंगित. त्यात एक शब्द बदलून ‘द व्होत्र पार’, म्हणजे ‘तुमच्याकडून चूक होत नसेल तर’ असं कोणी लिहिलं, की सगळा नूर पालटतो. व्याकरणाला ते चालतं, माणसाला झोंबतं.

ही ओळ किती मोजूनमापून वापरली जाते ते थकलेल्या बिलाच्या पत्रांत दिसतं. समजा 1,200 युरोंचं बिल आहे, देण्याची मुदत 31 मार्च होती आणि एप्रिलचा पहिला आठवडा उलटला तरी पैसे आलेले नाहीत. पहिलं स्मरणपत्र जातं. त्याला फ्रेंच ऑफिसांत ‘रलाँस’ म्हणतात. त्याची सुरुवात ठरलेली, ‘आमच्याकडून चूक किंवा नजरचूक होत नसेल तर, अमुक क्रमांकाच्या बिलाची रक्कम आमच्याकडे जमा झालेली दिसत नाही.’ इथे ‘मा’चा ‘नोत्र’ झालेला असतो, कारण पत्र कंपनीचं असतं. शेवटी आणखी एक वाक्य येतं, की दरम्यान पैसे पाठवले असतील तर या पत्राकडे दुर्लक्ष करावं. पैसे बुडवणाऱ्यालासुद्धा ‘अहो, विसरलोच’ म्हणून सुटायला दार उघडं ठेवलेलं असतं, आणि विसरलेल्याला तर अपमान वाटायचा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या पत्रात ‘आमच्याकडून चूक’ हे शब्द बहुधा गळतात. तारीख, रक्कम आणि ‘आमच्या पहिल्या पत्रानंतरही’ एवढंच उरतं. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या व्यवहारात उशीर झाला, की वसुलीच्या खर्चापोटी दर बिलामागे 40 युरो मागायची सोय फ्रेंच कायद्याने करून ठेवलेली आहे. त्याची आठवणही याच सुमारास करून दिली जाते. त्यानंतर येते ‘मीझ आँ दमर’, म्हणजे रीतसर नोटीस, आणि ती पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टाने जाते. तिच्यात संशयाचा मागमूस नसतो आणि नसावाच. नोटिशीत ‘आमची चूक नसेल तर’ लिहिणं म्हणजे समोरच्या वकिलाला आयतं कोलीत देणं.

म्हणजे ‘सोफ एरर’ चालतं कुठे, तर जिथे तपासून बघता येतं तिथे. तारीख, रक्कम, जोडलेली फाइल, मीटिंगची वेळ. चूक ठरवणारा कागद कुठे तरी असायला हवा. ‘सोफ एरर द मा पार, हा चित्रपट रटाळ आहे’ असं फ्रेंच माणूस सहसा म्हणत नाही. म्हटलंच तर खट्याळपणाने म्हणतो, कारण रटाळ वाटण्यात चूक कसली?

मतासाठी आणि आठवणीसाठी दुसरी ओळ आहे, ‘इल म साँब्ल’, मला वाटतं. फ्रेंच शिकणाऱ्यांना ही पहिल्या-दुसऱ्या वर्षातच भेटते आणि परीक्षेत हमखास गुण घालवते, कारण तिच्यात एक गंमत दडलेली आहे. ‘इल म साँब्ल क व्हू झाव्हे रेझों’, तुमचं बरोबर आहे असं मला वाटतं. इथे क्रियापद साधं, निश्चयाचं. त्यातला ‘म’, म्हणजे ‘मला’, काढून टाका, की वाक्य होतं ‘इल साँब्ल क व्हू झेये रेझों’, तुमचं बरोबर असावंसं दिसतं. आता क्रियापद सब्जाँक्तीफमध्ये गेलं, म्हणजे शंकेचं रूप घेऊन बसलं. ‘मला’ घातल्यावर वाक्य लेचंपेचं व्हायला हवं होतं, पण होतं उलटंच. ‘मला’ म्हणणारा माणूस त्या मतामागे उभा राहतो, म्हणून व्याकरण त्याच्यावर विश्वास टाकतं. मुळात कोणालाच न वाटता नुसतं ‘दिसतं’, त्याला सब्जाँक्तीफ. आणि ‘मला तसं वाटत नाही’ असा नकार आला, की ‘मला’ असूनही पुन्हा सब्जाँक्तीफ. पेपर तपासणारे नेमके इथेच लाल पेन काढतात.

बोलताना ही ओळ वाक्याच्या शेवटीही टाकतात: ‘तो गेला, इल म साँब्ल’. लेखी, जरा भारदस्त मजकुरात मध्येच उलटी करून ‘म साँब्ल-तिल’ अशी खोचतात. सुरुवातीला असली तर पुढे सबंध मत येणार हे कळतं. शेवटी असली तर ती बऱ्याचदा नुसतं बोलण्याचं वळण असते, तिला फार वजन देऊ नये.

तिचा खरा धारदार उपयोग मीटिंगमध्ये होतो, आणि तिथे लक्ष ठेवायचं ते क्रियापदाच्या काळावर. ‘इल म साँब्ल क नू झाव्ह्यों दी मार्दी’, आपलं मंगळवार ठरलं होतं असं मला वाटतं. ‘ठरलं होतं’ हे पूर्ण भूतकाळातलं रूप कानावर पडलं, की समजावं, बोलणाऱ्याच्या लॅपटॉपवर तो जुना मेल उघडाच आहे. त्याला काही वाटतबिटत नाहीये, त्याला माहीत आहे. गुरुवार म्हणणाऱ्याला तो चारचौघांत खोटं पाडत नाही, एवढंच. गुरुवारवाल्याने शहाणपणाने ‘हो का, एकदा बघून घेतो’ म्हणावं. तो ‘नाही नाही, गुरुवारच’ म्हणून अडून बसला, तर पुढच्या मिनिटाला तो मेल पडद्यावर येतो.

तिसरी ओळ ‘आ प्रिओरी’. लॅटिनमधून आलेली, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात मोठ्या रुबाबात बसलेली: अनुभवाच्या आधी, बुद्धीनेच कळणारं ज्ञान. पण पॅरिसच्या रस्त्यावर कांट कोणाच्या डोक्यात नसतो. ‘शनिवारी येतोस?’ ‘आ प्रिओरी, वी.’ म्हणजे आत्ता तरी हो, मध्ये काही उपटलं नाही तर. हा होकारच धरायचा, पण त्याची पक्की पावती अजून मिळालेली नाही हेही धरायचं. जेवणाला बोलावलं असेल तर ताट मांडायचं आणि शुक्रवारी एक मेसेज टाकायचा. ‘आ प्रिओरी, नों’ हा मात्र जवळजवळ पक्का नकार असतो, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. हाच शब्द नाम म्हणून आला, कोणाचे अमुक गोष्टीबद्दल ‘आ प्रिओरी’ आहेत असं म्हटलं, तर तो थेट पूर्वग्रह. तिथे सौजन्य संपलेलं असतं.

पहिल्या दोन ओळींशी हिची गल्लत होते, कारण तिन्ही वरवर ‘बहुतेक’सारख्याच वाटतात. पण ‘सोफ एरर’मध्ये शंका माझ्या तपासण्यावर असते, ‘इल म साँब्ल’मध्ये माझ्या आठवणीवर किंवा मतावर, आणि ‘आ प्रिओरी’मध्ये माझ्यावर शंका नाहीच, माहिती अजून पुरती हातात आलेली नाही, एवढंच म्हणणं. म्हणून होऊन गेलेल्या, कागदावर असलेल्या गोष्टीला ‘आ प्रिओरी’ लावलं की काटेकोर कानाला खटकतं. हल्ली सर्रास लावतात, ते सोडा. आणि तिन्ही ओळी एकाच वाक्यात कोंबल्या, ‘माझी चूक नसेल तर मला वाटतं की सकृद्दर्शनी बिल भरलेलं नाही’, की नम्रता नासते. ऐकणाऱ्याला त्यात टोमणा दिसतो, आणि बऱ्याचदा तो असतोच.

‘आ प्रिओरी’चं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे कारागीर आणि डॉक्टर. गरम पाण्याचा बॉयलर बंद पडतो, प्लंबर येतो, झाकण काढतो, आत टॉर्च मारतो आणि म्हणतो, ‘आ प्रिओरी, थर्मोस्टॅट गेलाय.’ त्याने अजून मीटर लावलेला नाही. लक्षणं बघून पहिला अंदाज दिलेला आहे आणि तो उद्या बदलला तर त्याला कोणी जाब विचारू नये, याची तजवीज त्या एका शब्दात करून ठेवलेली आहे. यात लबाडी काही नाही, तपासाची ती पहिली पायरीच असते. मात्र त्या शब्दावर नवा थर्मोस्टॅट मागवून बसू नये. त्याला विचारावं, हे नक्की कशाने ठरेल? जाणता असेल तर तो लगेच सांगतो: वीज बंद करून हीटिंग कॉइलच्या तारा सोडवायच्या, तिच्या टोकांवर मीटर लावायचा, कॉइल शाबूत निघाली तर संशय थर्मोस्टॅटवर, नाही तर कॉइलच बदलायची. हे सांगतासांगताच तो बॅगेतून मीटर काढतो. नुसतेच खांदे उडवून ‘आ प्रिओरी’ पुन्हा म्हणाला, तर पैसे देण्याआधी दुसऱ्या प्लंबरला फोन करावा.