आमची वाटचाल : आधी गळती, मग तरंगणं

आमचं पहिलं आरओव्ही, म्हणजे टिथर नावाच्या केबलने वरून चालवायचं पाण्याखालचं यंत्र, पाचव्या बुडीत गेलं. वीस मीटरवर कॅमेऱ्याचं चित्र थरथरलं आणि स्क्रीन काळी पडली. वर ओढून झाकण उघडलं तर नळीच्या तळाशी पेलाभर पाणी, आणि त्यात कंट्रोल बोर्डाचा अर्धा भाग बुडालेला.

आम्ही दोघं भागीदार. मला पहिला संशय यंत्राला पाण्यात ढकलणाऱ्या थ्रस्टरवर आला. पण आमच्या ब्रशलेस मोटरी मुळात पाण्यातच भिजत चालतात. गुंडाळीवर इपॉक्सीचा लेप, बेअरिंग प्लॅस्टिकचे, आणि फिरत्या दांड्याला सील नाहीच. म्हणजे तिथून हलमध्ये, त्या बंद नळीत, पाणी यायला वाट नव्हती. मग झाकणाच्या रबरी ओ-रिंगा तीनदा बदलल्या. खाचेत केसही दिसला नाही, ग्रीस होतं तसं होतं. तरी आत पाणी यायचंच.

शेवटी हलमधली हवा हातपंपाने ओढली. वातावरणाच्या दाबापेक्षा एक तृतीयांशाने दाब कमी करायचा आणि काटा पंधरा मिनिटं जागचा हलतो का ते बघायचं. काटा घसरत होता. भागीदार म्हणाला, ‘‘टिथरचं वरचं टोक बंद करून बघू या.’’ रबरी हातमोज्याचं एक बोट कापलं आणि त्या टोकावर घट्ट बांधलं. चहा पिऊन येईतो ते बोट आत ओढलं जाऊन केबलला चिकटलं होतं. हवा टिथरच्या आतून येत होती, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणारच.

टिथर हाताने चाचपत गेलो. यंत्रापासून काही मीटरवर आवरणाला नखाएवढी चीर सापडली, बहुधा खडकाला घासून पडलेली. कापून पाहिलं तर आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या झालेल्या. वीस मीटरवर बाहेरचा दाब हलमधल्या दाबापेक्षा दोन वातावरणांनी जास्त असतो. तो पाण्याला तारांच्या फटींमधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, सरळ हलमध्ये ढकलत होता. केबल हलमध्ये शिरते तिथला आमचा ग्लँड केबलच्या बाहेरून चोख बंद होता, पण केबलच्या पोटातून रस्ता मोकळाच राहिला होता.

आता ग्लँडमध्ये केबल बसवताना बाहेरचं आवरण सोलतो आणि प्रत्येक तार सुटी करतो. तिचा छोटा तुकडा उघडा करून त्यात सोल्डर भरतो, म्हणजे बारीक तंतूंमधल्या फटी बुजतात. मग तो उघडा भाग मधोमध येईल अशा बेताने सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी ओततो. आवरण पॉलियुरेथेनचं असेल तर खरवडल्यावर इपॉक्सी छान धरतं. पॉलिथिलीनला ते चिकटत नाही, हे आम्ही एक केबल वाया घालवून शिकलो.

दुसरं यंत्र कोरडं राहिलं, पण तरंगायला धड येईना. तराफ्याशी ते पाण्यात अगदी तोललेलं असायचं. तीस मीटरवर मात्र दगडासारखं खाली जायचं. उभे थ्रस्टर सतत वर ढकलत राहायचे आणि त्यांचा झोत गाळ उडवायचा. पडद्यावर नुसता धुरळा.

दोष फोमचा होता. आम्ही वर दीड लिटर मऊ फोम लावला होता. तीस मीटरवर त्याच्यावर पृष्ठभागाच्या चौपट दाब येतो आणि तो आवळतो. एक पंचमांश आकार गेला तरी तीनशे ग्रॅम उचल गेली. आता पोकळ काचेचे सूक्ष्म गोळे इपॉक्सीत मिसळून केलेला कडक फोम वापरतो. तो जड आहे, महागही आहे, पण खाली गेल्यावर आकार बदलत नाही.

तोल साधायला आम्हाला अजूनही अर्धा दिवस लागतो. फोम जितका वर बसवता येईल तितका वर, शिसं तळाच्या सांगाड्याला, म्हणजे यंत्र कलंडलं तरी आपोआप सरळ होतं. मोजण्याआधी ते पाण्यातच दोनचारदा हलवायचं, कारण चिकटलेले बुडबुडे खोटी उचल दाखवतात. पन्नासेक ग्रॅम उचल मुद्दाम शिल्लक ठेवतो. वीज गेली तर यंत्र सावकाश वर येतं. शिवाय तळाजवळ थांबताना थ्रस्टरला हलकंसं खाली दाबावं लागतं, त्यामुळे झोत वर जातो आणि गाळ शांत राहतो.

समुद्रात पहिल्यांदा उतरवलं तेव्हा मात्र ते बुडेचना. गोड्या पाण्यात तोललेलं बारा लिटर आकाराचं यंत्र. समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण पंचवीस ग्रॅमने जड, म्हणजे तीनशे ग्रॅम उचल फुकटची. तेव्हापासून तीनशे ग्रॅम शिशाची एक पिशवी पेटीत कायमची पडून असते. तिच्यावर मार्करने ‘खारं’ लिहिलंय.